सर्व्हेत पहिला नंबर आला म्हणजे नेमकं काय? गाडीची यादी करताना मालकांचे सर्व्हे कसे वाचायचे

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या मावसभावाने मला व्हॉट्सॲपवर एक चित्र पाठवलं. दहा कॉम्पॅक्ट एसयूव्ही, प्रत्येकीसमोर एक आकडा, सगळ्यात वरच्या गाडीला सोनेरी पट्टी. खाली त्याचा मेसेज: "दादा, ठरलं. एक नंबरवाली घेतो." मी विचारलं, हा आकडा कशाचा आहे? त्याचं उत्तर आलं, "रिलायबिलिटीचा असेल ना."

ही चूक फक्त त्याचीच नाही. लोक यादी उघडतात, पहिल्या तीन गाड्या उचलतात आणि थेट टेस्ट ड्राइव्हला जातात. म्हणजे जो आकडा सगळ्यात शेवटी बघायचा, तो सगळ्यात आधी बघतात. खालचा क्रम मी त्याच्यासाठी कागदावर मांडला होता, तोच थोडा सविस्तर करून देतो आहे.

## तयारी: यादी उघडण्याआधी दोन गोष्टी

पहिली, स्वतःचा वापर चार ओळींत लिहून काढा. रोजचं रनिंग किती, त्यात शहर किती आणि हायवे किती, गाडी किती वर्षं ठेवणार, आणि कोणती तक्रार तुम्हाला अजिबात चालणार नाही. भावाने लिहिलेलं असं होतं: नाशिक, घर ते सातपूर एका बाजूने नऊ किलोमीटर, महिन्यातून एकदा गावी, गाडी आठ वर्षं ठेवणार, "रस्त्यात बंद पडलेली चालणार नाही, स्क्रीन हँग झाली तर चालेल." ती शेवटची ओळ पुढे फार कामाला आली.

दुसरी, चित्र बाजूला ठेवून मूळ प्रसिद्धिपत्रक शोधा. फॉरवर्ड झालेल्या चित्रात तळटीप कापलेली असते, आणि आपल्याला हवं ते सगळं त्या तळटिपेतच असतं: सर्व्हे कधी घेतला, किती मालकांना विचारलं, गाड्या किती जुन्या होत्या, कोणत्या गाड्या क्रमवारीतून वगळल्या आणि का.

> थांबा आणि तपासा: मूळ पत्रक सापडत नसेल, किंवा त्यात किती जणांना विचारलं तेच दिलेलं नसेल, तर ती यादी इथेच सोडा. ज्यूरीने दिलेला "कार ऑफ द इयर" पुरस्कार मालकांचा सर्व्हे नसतो, तोही या कामातून बाजूला काढा.

## टप्पा १: प्रश्न काय विचारला होता ते ओळखा

"ओनर सर्व्हे" या एकाच नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. जे.डी. पॉवर या संस्थेचंच उदाहरण घेऊ, कारण तिचे आकडे जाहिरातींत सगळ्यात जास्त दिसतात.

एक आहे सुरुवातीचा दर्जा. अमेरिकेत यासाठी गाडी घेतल्यानंतरचे पहिले ९० दिवस धरतात, भारतातल्या सर्व्हेत दोन ते सहा महिन्यांच्या मालकांना विचारलं जायचं. मिळणारा आकडा म्हणजे दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी. तो PP100 असा छापलेला दिसतो आणि जितका कमी तितका चांगला. दुसरा आहे टिकाऊपणा. यात साधारण तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मूळ मालकांना विचारतात. मोजमाप तेच, दर १०० गाड्यांमागे तक्रारी. तिसरी सेवा आणि विक्रीबद्दलचं समाधान, म्हणजे शोरूम आणि सर्व्हिस सेंटरचा अनुभव, १००० पैकी गुणांत. चौथी गाडी आवडली का, हेही १००० पैकीच.

आठ वर्षं गाडी ठेवणाऱ्या माणसाच्या उपयोगाचा यातला फक्त दुसरा सर्व्हे आहे, आणि तोही अर्धाच, कारण तो तिसऱ्या वर्षाशी थांबतो. पहिल्या ९० दिवसांत दिसतात ते फिटिंगचे दोष: दरवाजाचा आवाज, नीट न बसलेलं पॅनेल, ब्लूटूथ न जोडणं. क्लच, सस्पेन्शनचे बुश, टर्बो यांची खरी परीक्षा पहिल्या तीन महिन्यांत होतच नाही.

आणखी एक गोम आहे. या सर्व्हेंत "तक्रार" म्हणजे फक्त बिघाड नव्हे. एखादी गोष्ट वापरायला अवघड जाते, हीसुद्धा तक्रार मोजली जाते. एसीचं बटण टचस्क्रीनमध्ये गेलं आणि मालकाला ते सापडत नाही, तर तो एक आकडा. गिअर अडकतो, तर तोही एकच आकडा. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था बिघाडाच्या गांभीर्यानुसार कमीजास्त वजन देते, म्हणून तिची आणि जे.डी. पॉवरची क्रमवारी एकाच वर्षी वेगळी निघू शकते. दोघांपैकी कोणी खोटं बोलत नसतं, दोघांनी मोजलेली गोष्टच वेगळी असते.

माझ्या भावाने पाठवलेलं चित्र निघालं टिकाऊपणाचंच. नशीब चांगलं.

> नेहमीची चूक: गेल्या वर्षीचा आकडा आणि या वर्षीचा आकडा एकमेकांशेजारी ठेवून "गाड्या बिघडत चालल्यात" असा निष्कर्ष काढणं. अमेरिकेतल्या टिकाऊपणाच्या सर्व्हेत २०२१ ची सरासरी १२१ होती आणि २०२२ ची १९२. गाड्या एका वर्षात एवढ्या खराब झाल्या नव्हत्या. २०२२ मध्ये प्रश्नावली नव्याने बांधली होती. तुलना नेहमी एकाच वर्षाच्या, एकाच यादीतल्या गाड्यांची करा.

## टप्पा २: मोजलेली गाडी आणि विकत मिळणारी गाडी एकच आहे का?

टिकाऊपणाचा सर्व्हे स्वभावतःच मागे बघतो. आज छापलेला आकडा तीन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचा असतो. दरम्यान नवी जनरेशन आली असेल, इंजिन बदललं असेल, साधा गिअरबॉक्स जाऊन ड्युअल क्लच आला असेल, तर तो आकडा दुसऱ्याच गाडीचा आहे. नाव तेवढं सारखं.

आपल्याकडे याचं सगळ्यात ठळक उदाहरण डिझेलचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे काजळी धरून ठेवणारी जाळी, आली. ही जाळी साफ होण्यासाठी एक्झॉस्ट बराच वेळ तापावा लागतो. हायवेवर ते आपोआप होतं. रोज नऊ किलोमीटर सिग्नल घेत चालणाऱ्या गाडीत होत नाही, जाळी भरत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि शेवटी सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. आता विचार करा: बीएस ४ डिझेलच्या मालकांनी "काही त्रास नाही" असं सांगितलं, तर ते सर्व्हेत खरंच लिहिलं गेलं. पण ज्या भागाने तुम्हाला त्रास होणार आहे, तो भाग त्यांच्या गाडीत नव्हताच.

म्हणून प्रत्येक गाडीसमोर तीन गोष्टी लिहा: सर्व्हेतल्या गाड्या कोणत्या वर्षी विकल्या गेल्या, तेव्हा आणि आता इंजिन तेच आहे का, गिअरबॉक्स तोच आहे का. एका जरी प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तर त्या गाडीच्या आकड्यावर आडवी रेघ मारा. ती गाडी वाईट आहे म्हणून नव्हे. तिच्याबद्दल या सर्व्हेला काही माहीत नाही, एवढंच.

नव्या मॉडेलबद्दल काही संस्था "अपेक्षित विश्वासार्हता" देतात. तो अंदाज त्या कंपनीच्या आधीच्या गाड्यांवरून बांधलेला असतो, त्या गाडीच्या मालकांना विचारून नव्हे. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकाने प्रेमाने पाठवलेली यादी इथे चालत नाही. कंपनीचा बिल्ला तोच असला, तरी तिथल्या गाड्या, तिथले कारखाने आणि तिथलं पेट्रोल वेगळं.

## टप्पा ३: किती जणांना विचारलं, त्यावरून आकड्याची रुंदी काढा

इथे थोडं गणित आहे, पण मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होण्यासारखं.

सर्व्हेत छापलेला आकडा टोकदार दिसतो: ९८, १०४, ११२. प्रत्यक्षात तो एक पट्टा असतो. त्याच गाडीच्या दुसऱ्या शंभर मालकांना विचारलं असतं तर आकडा थोडा वर किंवा खाली आला असता. तो किती हलला असता हे ढोबळपणे काढायची रीत अशी:

१. मालकांची संख्या आणि दर १०० मागचा आकडा यांवरून एकूण तक्रारी काढा.
२. त्या एकूण तक्रारींचं वर्गमूळ काढून दुप्पट करा.
३. त्याला मालकांच्या संख्येने भागून १०० ने गुणा. ही झाली दोन्ही बाजूंची ढील.

भावाच्या यादीतल्या चार गाड्यांना आपण अ, ब, क, ड म्हणू. आकडे मी हिशेब समजण्यापुरते घेतलेले आहेत, खऱ्या कुठल्या गाडीचे नाहीत. या गटाची सरासरी ११८ धरू.

ड गाडी यादीत पहिली: आकडा ९८, मालक ४२. म्हणजे एकूण तक्रारी साधारण ४१. वर्गमूळ ६.४, दुप्पट १३. भागिले ४२, गुणिले १००, म्हणजे ३० च्या आसपास. तर ड चा पट्टा ६८ ते १२८.

अ गाडी दुसरी: आकडा १०४, मालक ३१०. एकूण तक्रारी ३२२, वर्गमूळ १८, दुप्पट ३६, ढील १२. पट्टा ९२ ते ११६.

ब तिसरी: आकडा ११२, मालक १२०. त्याच रीतीने ढील १९. पट्टा ९३ ते १३१.

क चौथी: आकडा १३१, मालक ९५. ढील २३. पट्टा १०८ ते १५४.

आता क्रम विसरून फक्त पट्टे बघा. सोनेरी पट्टीवाली ड सरासरीपेक्षा बरीच चांगली असू शकते आणि सरासरीपेक्षा वाईटही असू शकते. आपल्याला ते सांगता येत नाही. चारही गाड्यांमध्ये फक्त अ अशी आहे, जिचा पूर्ण पट्टा ११८ च्या खाली बसतो. ती यादीत दुसरी होती.

हे योगायोगाने झालेलं नाही. ज्या गाड्यांचे मालक थोडे, त्यांचे आकडे जास्त हेलकावे खातात, म्हणून अशा गाड्या यादीच्या दोन्ही टोकांना जास्त दिसतात. दोन-तीन वैतागलेले मालक सापडले तर गाडी तळाला, नाही सापडले तर थेट वर. कोणत्याही यादीत पहिला आणि शेवटचा नंबर बघितला की आधी त्यांच्या मालकांची संख्या बघायची सवय लावा.

समाधानाच्या सर्व्हेत "हीच गाडी पुन्हा घ्याल का?" असा प्रश्न असेल आणि उत्तर टक्क्यांत असेल, तर हिशेब आणखी सोपा. १०० ला मालकांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. शंभर मालक असतील तर ढील १० टक्के, चारशे असतील तर ५, तीसच असतील तर जवळजवळ १८. तीस मालकांचे ८० टक्के आणि चारशे मालकांचे ७२ टक्के यांत कोण पुढे, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

> सावधान: ही ढील कमीत कमी आहे. तक्रारी गाड्यांवर सारख्या पसरलेल्या नसतात. एकाच "लेमन" गाडीत सहा-सात बिघाड येतात. त्यामुळे खरा पट्टा काढलेल्यापेक्षा रुंदच असतो. अ चा पट्टा सरासरीच्या दोनच अंक खाली संपतो, तेव्हा तिच्याबद्दलही "बहुतेक चांगली" एवढंच म्हणायचं.

प्रत्येक मॉडेलचे किती मालक होते हे पत्रकात नसेल तर? बहुतेक वेळा नसतंच. तिथे फक्त एकूण संख्या असते, "अमुक हजार मालक". त्याला मॉडेलांच्या संख्येने भागू नका. खपणाऱ्या गाडीचे मालक जास्त सापडतात, न खपणारीचे कमी. त्या वर्षीच्या विक्रीचे मॉडेलवार आकडे वाहनविषयक बातम्यांत दर महिन्याला येतात; त्या प्रमाणात वाटणी करून अंदाज बांधा. महिन्याला पाचशेच्या आत खपणारी गाडी पहिली आली असेल, तर त्या पहिल्या नंबरात दम किती, ते लगेच लक्षात येईल.

## टप्पा ४: क्रम खोडा, तीन गट करा

कागदावर क्रमांक लिहिलेले असतील तर ते खरोखर खोडा. त्याऐवजी तीन रकाने: सरासरीपेक्षा स्पष्ट चांगली, सांगता येत नाही, सरासरीपेक्षा स्पष्ट वाईट. पट्टा पूर्णपणे एका बाजूला असेल तरच पहिला किंवा तिसरा रकाना. बाकी सगळ्या मधे.

आपल्या चारपैकी अ पहिल्या रकान्यात, ब, क, ड मधल्या. लोक इथे निराश होतात, एवढी मेहनत करून तीन गाड्या "सांगता येत नाही" मध्ये? पण सर्व्हेला तेवढंच माहीत होतं. आधी आपल्याला वाटत होतं की ड ही ब पेक्षा चांगली आहे; तसं काही नाही, हे आता कळलं.

१००० गुणांच्या यादीत तर हे आणखी जाणवतं. वरच्या पाच-सहा कंपन्या दहा-पंधरा गुणांत दाटलेल्या असतात, म्हणजे एक-दीड टक्क्याचा फरक. त्या फरकावर जाहिरातीचा बोर्ड उभा राहतो, पण गाडी ठरवू नये.

## टप्पा ५: बोलले कोण, आणि गप्प कोण राहिले

मालकांची संख्या वाढवली की टप्पा ३ मधली ढील कमी होते. इथली चूक मात्र कमी होत नाही. चुकीच्या दहा हजार लोकांना विचारलं, तर चुकीचं उत्तर अधिक खात्रीने मिळतं, एवढंच. म्हणून हा टप्पा घाईने उरकू नका.

सर्व्हिस सेंटरचा हात. गाडी सर्व्हिसिंगहून परत घेताना हे तुम्हीही ऐकलं असेल. सर्व्हिस ॲडव्हायझर किल्ली हातात देतो आणि हळूच म्हणतो, "सर, कंपनीकडून फोन येईल. दहापैकी दहाच सांगा, नऊ म्हटलं तरी आमचे मार्क कापतात." माझ्या एका गाडीला एसीचा त्रास होता, तिसऱ्या फेरीलाही तो गेला नव्हता, आणि तरी मी फोनवर दहा म्हणून मोकळा झालो होतो. त्या पोराचा इन्सेन्टिव्ह जाईल म्हणून. कंपनीने स्वतः घेतलेल्या फीडबॅकवर उभ्या असलेल्या "९८ टक्के ग्राहक समाधानी" या दाव्याची किंमत त्यामुळे माझ्यालेखी शून्य आहे. स्वतंत्र संस्थेच्या सर्व्हेत हा दबाव कमी असतो, कारण फोन कोणाला जाणार हे शोरूमला माहीत नसतं. म्हणून पत्रकात बघा: मालकांची नावं कुठून मिळवली?

स्वतःहून आलेले मालक. ज्या सर्व्हेत लिंक उघडी असते आणि कोणीही भरू शकतो, तिथे दोनच प्रकारचे लोक येतात, फार खूश झालेले आणि फार पोळलेले. ज्याची गाडी मुकाट चालते आहे, तो फॉर्म भरायला बसत नाही. मालकांच्या फेसबुक ग्रुपवरच्या मतदानाचंही तेच. अशा ठिकाणी "किती टक्के" हा आकडा वाचू नका. "कोणता भाग पुन्हा पुन्हा येतो" तेवढं वाचा. वीस जण स्वतंत्रपणे तोच स्टीअरिंगचा आवाज सांगत असतील, तर ती माहिती पक्की आहे, ग्रुप कितीही एककल्ली असला तरी.

गाडी विकून गेलेले. हा सगळ्यात कमी दिसणारा दोष. तीन वर्षांनी मूळ मालकाला विचारतात, पण ज्याला गाडीने जास्तच छळलं, त्याने ती दुसऱ्या वर्षीच विकलेली असू शकते. तो सर्व्हेत नाही. जे टिकले, तेच बोलतात. ज्या मॉडेलच्या दोन वर्षांच्या आतल्या सेकंडहँड गाड्या तिच्या खपाच्या मानाने फार दिसतात, तिथे हा संशय धरायला जागा आहे.

अपेक्षा. समाधान म्हणजे गाडी आणि अपेक्षा यांतलं अंतर. स्कूटीवरून पहिल्यांदा छोट्या हॅचबॅकमध्ये आलेलं कुटुंब पावसात कोरडं बसता येतं यातच खूश असतं. तीच रक्कम चौपट करून जर्मन गाडी घेतलेला माणूस सीटच्या शिवणीवरून चिडतो. म्हणून समाधानाचे आकडे वेगवेगळ्या किंमत-गटांत कधीच तोलू नका. शिवाय पंधरा लाख घालून "चूक केली" असं अनोळखी माणसाला फोनवर सांगणं सोपं नसतं. समाधानाचे आकडे एकूणच फुगलेले असतात.

न दिसणाऱ्या कंपन्या. क्रमवारीत एखादी कंपनी नसणं म्हणजे ती वाईट असं नाही. २०२० च्या अमेरिकी सुरुवातीच्या दर्जाच्या सर्व्हेत टेस्लाचा आकडा २५० दिला होता, पण अधिकृत क्रमांक दिला नाही, कारण १५ राज्यांत मालकांची माहिती वापरायला कंपनीची परवानगी लागते आणि ती मिळाली नव्हती. काही कंपन्या "नमुना कमी" म्हणूनही तळटिपेत जातात. तळटीप वाचायला सांगितली ती यासाठीच.

> तपासा: प्रत्येक सर्व्हेसमोर एक वाक्य लिहा, "यात कोण बोललं नाही?" उत्तर सुचत नसेल तर पत्रक पुन्हा वाचा.

## टप्पा ६: आकडा फोडून बघा

पूर्ण अहवाल विकत असतो, पण पत्रकात बहुधा तक्रारींचे गट दिलेले असतात: इंजिन व गिअरबॉक्स, ब्रेक व हाताळणी, एसी, बाहेरचा भाग, इन्फोटेनमेंट. आता सुरुवातीला लिहिलेला तो चार ओळींचा कागद काढा. भावाला स्क्रीन हँग झालेली चालणार होती. क गाडी यादीत मागे होती, पण तिच्या तक्रारींचा मोठा वाटा टचस्क्रीन आणि फोनच्या जोडणीचा होता असं समजा. तो बाजूला काढला की इंजिन-गिअरबॉक्सच्या बाबतीत ती अ च्या बरोबरीला येते. उलट एखाद्या गाडीचा एकूण आकडा सुंदर आणि त्यातल्या बहुतेक तक्रारी क्लचच्या, तर आठ वर्षं ठेवणाऱ्याने ती टाळावी.

गटवार आकड्यांत तक्रारी आणखी थोड्या असतात, म्हणून ढील आणखी रुंद. बारा तक्रारी आणि सतरा तक्रारी यांत फरक मानू नका. बारा आणि चाळीस असेल तर माना.

## टप्पा ७: सर्व्हेबाहेरून पडताळा

"सांगता येत नाही" मधल्या गाड्यांसाठी हा टप्पा आहे.

सगळ्यात आवडती माझी कसोटी म्हणजे जुळ्या गाड्यांची. मारुती बलेनो आणि टोयोटा ग्लान्झा मुळात एकच गाडी. आपल्या चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन एकाच प्लॅटफॉर्मवरच्या, तीच इंजिनं, तेच गिअरबॉक्स. तुमच्या यादीत अशी जोडी असेल आणि दोघींत वीस-पंचवीस अंकांचा फरक असेल, तर तो फरक लोखंडात नाही. तो सर्व्हिस सेंटरमध्ये आहे, मालकांच्या अपेक्षेत आहे किंवा नमुन्याच्या हेलकाव्यात आहे. आणि मग त्या सर्व्हेत इतर गाड्यांमधला तेवढाच फरकही तितक्याच संशयाने बघायला हवा. सर्व्हेने स्वतःच आपली ढील दाखवून दिली, असं समजा.

दुसरं, रिकॉल. वाहन कंपन्यांची संघटना सियाम आपल्या संकेतस्थळावर कंपन्यांनी जाहीर केलेले रिकॉल देते. रिकॉलची संख्या मोजू नका, कारण जबाबदार कंपनी जास्त रिकॉल करते. भाग कोणता आणि तुमच्या इंजिनाला लागू आहे का, तेवढं बघा.

तिसरा, बाहेरचा गॅरेजवाला. अधिकृत सेंटरचा नव्हे, वॉरंटी संपलेल्या गाड्या ज्याच्याकडे येतात तो. त्याला "कोणती गाडी चांगली?" विचारू नका, तो स्वतःची आवडती सांगेल. विचारा, "या गाडीत साठ-सत्तर हजारांनंतर काय काय बदलावं लागतं, आणि पार्ट किती दिवसांत मिळतो?" त्याचाही नमुना वाकडाच आहे, त्याच्याकडे फक्त बिघडलेल्याच गाड्या येतात. पण कोणता भाग जातो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

## टप्पा ८: कागद भरा

प्रत्येक गाडीला एक ओळ: सर्व्हेचा प्रकार, गाडी तीच आहे का, मालक अंदाजे किती, पट्टा, रकाना, कोण बोललं नाही, माझ्या नको असलेल्या तक्रारी, गॅरेजवाल्याने सांगितलेला भाग. जिथे माहिती नाही तिथे प्रश्नचिन्ह. मोकळी जागा अंदाजाने भरू नका, पुढच्या आठवड्यात तो अंदाज तुम्हालाच खरा वाटायला लागतो.

भावाच्या कागदावर शेवटी असं झालं. डिझेल व्हेरिएंट टप्पा २ मध्येच गेले, नऊ किलोमीटरच्या वापरामुळे. ड गाडीची नवी जनरेशन आली होती आणि गिअरबॉक्स बदलला होता, म्हणून तिचा तो ९८ चा आकडा रेघ मारून गेला आणि ओळीत प्रश्नचिन्हंच उरली. ब बद्दल गॅरेजवाला म्हणाला, गाडीला काही नाही, पण पुढच्या सस्पेन्शनचा पार्ट मुंबईहून यायला पंधरा दिवस लागतात. त्यामुळे टेस्ट ड्राइव्हसाठी अ आणि क राहिल्या, दोन्ही पेट्रोल, दोन्ही मॅन्युअल. क ची मागची सीट मावशीला उंच पडली, गुडघ्यामुळे चढता येईना. हा रकाना कुठल्याच सर्व्हेत नव्हता. अ बुक केली.